प्रोटोकॉल एका लेयरचा, काम दुसऱ्या लेयरचे: नेटवर्किंगची थिअरी उत्तरे कशी तपासावीत

'टीसीपी पॅकेटसाठी सर्वात जवळचा मार्ग शोधतो.' 'नेटवर्क लेयर पोर्ट नंबर पाहून डेटा योग्य प्रोसेसला देते.' कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या उत्तरपत्रिकांत अशी वाक्ये हमखास सापडतात. ती चुकीची आहेत, हे तपासणाऱ्याला लगेच कळते. पण 'डेटा लिंक लेयर हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवते' किंवा 'एआरपी नेटवर्क लेयरवर चालतो' अशी वाक्ये आली की पेन थबकते. मॉडेल उत्तरात एक लिहिलेले असते, विद्यार्थ्याने दुसरे लिहिलेले असते आणि दोन्हींच्या बाजूने बोलता येते. अशा वेळी मॉडेल उत्तराशी शब्दाला शब्द जुळवून भागत नाही, कारण एरर कंट्रोल, ॲड्रेसिंग आणि डेटाचे तुकडे करणे ही कामे एकाहून जास्त लेयरवर होतात. लेयरचे नाव नुसते बरोबर की चूक हे पाहण्याआधी ते काम कोणत्या दोन टोकांमध्ये चालले आहे, हे पाहावे लागते.

आधी मॉडेल कोणते ते ठरवा

प्रश्नात ओएसआय म्हटले आहे की टीसीपी/आयपी, हे पहिल्यांदा पाहा. सात लेयरचे ओएसआय मॉडेल आयएसओ 7498 या मानकात 1984 साली आले. इंटरनेटच्या बाजूने 1989 च्या आरएफसी 1122 मध्ये चारच लेयर आहेत: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. शिवाय बरीच क्रमिक पुस्तके फिजिकल आणि डेटा लिंक वेगळे ठेवून पाच लेयर शिकवतात. तो सोयीचा मधला मार्ग आहे.

यामुळे लेयरच्या आकड्यावर गुण कापणे धोक्याचे ठरते. 'एचटीटीपी पाचव्या लेयरवर' हे पाच लेयरच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. ओएसआयमध्ये मात्र पाचवी लेयर सेशनची आणि ॲप्लिकेशन सातवी. आकडा आणि नाव दोन्ही लिहिले असतील तर नाव धरा. फक्त आकडा लिहिला असेल तर प्रश्नातले मॉडेल लावा. प्रश्नात मॉडेलच दिले नसेल, तर विद्यार्थ्याने उत्तरात इतरत्र कोणते मॉडेल धरले आहे ते पाहा आणि तेच शेवटपर्यंत लावा. 'इंटरनेट लेयर' आणि 'नेटवर्क लेयर' या नावांच्या फरकासाठी गुण कापण्याचे कारण नाही.

वाक्याचे तीन भाग करा

लेयरबद्दलच्या प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी गुंफलेल्या असतात: प्रोटोकॉल, त्याचे काम आणि लेयर. पेन्सिलने त्या वेगळ्या करा. 'डीएनएस नेटवर्क लेयरवर काम करून नावावरून आयपी ॲड्रेस देतो' या वाक्यात प्रोटोकॉल बरोबर, काम बरोबर, फक्त लेयर चुकली आहे. 'टीसीपी मार्ग शोधतो' यात लेयरचा उल्लेखच नाही. इथे काम चुकले आहे. या दोन चुका एकाच मापाने मोजल्या तर पहिल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

वाक्य वेगळे केल्यावर त्याला तीन प्रश्न विचारा. हा प्रोटोकॉल कोणाच्या पोटात बसून जातो? हे काम कोणत्या दोन टोकांमध्ये होते? आणि वाटेतल्या राउटरला हा हेडर वाचावा लागतो का?

पहिल्या प्रश्नाने डीएनएसचा निकाल लागतो. त्याची विचारणा सहसा यूडीपीच्या पोर्ट 53 वर जाते, म्हणजे डीएनएस ट्रान्सपोर्ट लेयरच्या सेवेवर उभा आहे. म्हणून तो ॲप्लिकेशन लेयरचा. डीएचसीपीचेही तसेच. तो यूडीपीच्या पोर्ट 67 आणि 68 वर चालतो. विद्यार्थी या दोघांना नेटवर्क लेयरमध्ये टाकतात, कारण दोघांच्या कामात आयपी ॲड्रेस येतो. प्रोटोकॉल कशाबद्दल बोलतो यावरून लेयर ठरवण्याची ही सवय बऱ्याच चुकांच्या मुळाशी असते. शेऱ्यात नुसते 'चूक' लिहिण्यापेक्षा 'हे यूडीपीवर चालते' एवढे लिहिले तर चूक कुठून आली ते विद्यार्थ्याला कळते.

दुसरा प्रश्न टोकांचा. डेटा लिंक लेयर एका लिंकवरच्या दोन शेजाऱ्यांमध्ये काम करते: तुमचा लॅपटॉप आणि घरातला राउटर, किंवा एक राउटर आणि पुढचा राउटर. नेटवर्क लेयर मूळ होस्टपासून अंतिम होस्टपर्यंतचा पल्ला पाहते. ट्रान्सपोर्ट लेयर त्या होस्टवरच्या एका प्रोसेसपासून दुसऱ्या होस्टवरच्या प्रोसेसपर्यंत. उत्तरात 'एंड टू एंड' हे शब्द दिसले की थांबा आणि विद्यार्थ्याला कोणते टोक म्हणायचे आहे ते त्याच्या पुढच्या वाक्यात शोधा. 'डेटा लिंक लेयर एंड टू एंड डिलिव्हरी देते' ही खरी चूक आहे. 'नेटवर्क लेयर सोर्सपासून डेस्टिनेशनपर्यंत पॅकेट पोचवते' हे बरोबर आहे. त्याला ट्रान्सपोर्टचे काम समजून कापू नका.

तिसरा प्रश्न राउटरचा. राउटर आलेल्या फ्रेमचा लिंक हेडर काढून टाकतो, आयपी हेडर वाचतो, टीटीएल एकाने कमी करतो, आयपीव्ही4 असेल तर हेडरचा चेकसम नव्याने मांडतो आणि नव्या लिंक हेडरमध्ये पॅकेट पुढे पाठवतो. टीसीपीच्या हेडरकडे पाहण्याची त्याला गरज नसते. म्हणून मार्ग ठरवणे टीसीपीचे काम असू शकत नाही. घरातला राउटर नॅट करताना पोर्ट नंबर बदलतो हे खरे. एखादा जागरूक विद्यार्थी तोच दाखला देऊन 'पोर्ट नेटवर्क लेयरवरही वापरतात' असे लिहील. नॅट करणारे उपकरण वरच्या लेयरच्या हेडरमध्ये हात घालते, त्यामुळे पोर्ट नेटवर्क लेयरचे होत नाहीत. पण अशा उत्तराला अज्ञान समजू नये.

जी कामे दोन-दोन ठिकाणी होतात

तपासणाऱ्यांची सर्वाधिक चूक एरर कंट्रोलमध्ये होते. इथरनेट फ्रेमच्या शेवटी 4 बाइटचा सीआरसी असतो. तो जुळला नाही तर घेणारी बाजू फ्रेम टाकून देते आणि गप्प बसते. पुन्हा पाठवा, असे इथरनेट सांगत नाही. हरवलेला डेटा पुन्हा पाठवण्याचे काम वर टीसीपी करतो. एवढ्यावरून 'पुन्हा पाठवणे फक्त ट्रान्सपोर्ट लेयरचे' असे मॉडेल उत्तर तयार होते आणि ते चुकते. वाय-फायमध्ये एकाच यंत्राला उद्देशून गेलेल्या फ्रेमची पोच त्याच लिंकवर परत येते आणि ती आली नाही तर फ्रेम पुन्हा पाठवली जाते. एचडीएलसीमध्येही फ्रेमना क्रमांक देऊन पुन्हा पाठवण्याची सोय आहे. म्हणून 'डेटा लिंक लेयर चुकलेली फ्रेम पुन्हा पाठवते' हे वाक्य सामान्य प्रश्नात बरोबर धरा. प्रश्नात इथरनेट स्पष्ट म्हटले असेल तरच ते चूक.

आयपीचा चेकसमही नीट पाहावा. आयपीव्ही4 चा चेकसम फक्त हेडरपुरता असतो, आतल्या डेटाची तो हमी देत नाही. आयपीव्ही6 मध्ये तर तो काढूनच टाकला आहे. 'आयपी चेकसम वापरून विश्वासार्ह डिलिव्हरी देतो' असे लिहिलेले असेल तर गुण देता येणार नाहीत. पण 'आयपी हेडरमधली चूक शोधतो' याला द्यावे लागतील.

दुसरी जोडी म्हणजे सेगमेंटेशन आणि फ्रॅगमेंटेशन. दोन्हींत डेटाचे तुकडेच होतात, त्यामुळे 'ट्रान्सपोर्ट लेयर मोठ्या डेटाचे तुकडे करते' आणि 'नेटवर्क लेयर मोठ्या पॅकेटचे तुकडे करते' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. उत्तरात आकडे असतील तर खरा फरक तिथे दिसतो. 4000 बाइटचे आयपीव्ही4 डेटाग्राम 1500 बाइट एमटीयूच्या लिंकवर पाठवायचे आहे, असे समजा. 20 बाइटचा हेडर वजा केला तर डेटा 3980 बाइट. त्याचे तीन तुकडे 1480, 1480 आणि 1020 बाइट डेटाचे होतात आणि त्यांचे ऑफसेट 0, 185 आणि 370 येतात, कारण ऑफसेट 8 बाइटच्या एककात मोजतात. ट्रान्सपोर्टचा हेडर मूळ डेटाग्राममध्ये एकदाच असतो, म्हणून पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात सापडतात. सेगमेंटेशनमध्ये उलट आहे. टीसीपीने केलेल्या प्रत्येक सेगमेंटला स्वतःचा टीसीपी हेडर असतो आणि 1500 च्या एमटीयूवर त्यात सहसा 1460 बाइटपर्यंतच डेटा बसतो.

म्हणजे विद्यार्थ्याच्या आकृतीत पाहायचे एवढेच की पोर्ट नंबर प्रत्येक तुकड्यावर आहेत की फक्त पहिल्यावर. 'फ्रॅगमेंटेशन' असे शीर्षक देऊन प्रत्येक तुकड्यावर टीसीपी हेडर काढला असेल, तर त्याने नाव एकाचे आणि रीत दुसऱ्याची लिहिली आहे. आणि 'वाटेतला राउटर टीसीपी सेगमेंटचे तुकडे करून प्रत्येकाला नवा सिक्वेन्स नंबर देतो' असे लिहिले असेल तर ते सरळ चूक आहे. आयपीव्ही6 मध्ये राउटर तुकडे करतच नाही, ते काम पाठवणाऱ्या होस्टकडे राहते. प्रश्न आयपीव्ही6 वर असेल तर हे लक्षात असू द्या.

ज्यांची जागा खरोखर वादाची आहे

आतापर्यंतच्या उदाहरणांत 'कोणाच्या पोटात बसून जातो' आणि 'कोणासाठी काम करतो' या दोन्हींचे उत्तर एकच लेयर दाखवत होते. काही प्रोटोकॉलमध्ये ते फुटते. आयसीएमपी आयपीच्या आत बसून जातो, त्याचा प्रोटोकॉल नंबर 1 आहे. नुसत्या पोटाच्या नियमाने तो आयपीच्या वर हवा. पण 1981 च्या आरएफसी 792 मध्येच म्हटले आहे की तो आयपीचा अविभाज्य भाग आहे. म्हणून 'नेटवर्क लेयर' बरोबर. 'आयसीएमपी आयपीच्या वर बसतो, म्हणून ट्रान्सपोर्ट लेयर' असे कारणासह लिहिणाऱ्याला कामाचे गुण द्या आणि पोर्ट नसल्याकडे बोट दाखवा.

राउटिंग प्रोटोकॉलमध्ये तर तीन प्रकार आहेत. आरआयपी यूडीपीच्या पोर्ट 520 वर चालतो, बीजीपी टीसीपीच्या पोर्ट 179 वर, ओएसपीएफ थेट आयपीत प्रोटोकॉल नंबर 89 ने. काम तिघांचे एकच: नेटवर्क लेयरला लागणारी राउटिंग टेबल भरून देणे. म्हणून 'बीजीपी ॲप्लिकेशन लेयरचा' आणि 'बीजीपी नेटवर्क लेयरचा' ही दोन्ही उत्तरे चालतील, पण कारणासह. कारण न देता नुसते नाव लिहिले असेल तर नेमलेल्या पुस्तकाप्रमाणे जा. दोन गुणांच्या प्रश्नात यापेक्षा जास्त खोदायचे नाही.

एआरपीचेही असेच आहे, पण तिथे लेयरच्या वादात एक मोठी चूक निसटून जाते. ती पाहण्यासाठी लॅबमधल्या लिनक्स मशीनवर पाच मिनिटे पुरतात. मशीन केबलच्या नेटवर्कवर असावी. आधी शेजाऱ्यांची टेबल रिकामी करा, नाहीतर राउटरचा मॅक ॲड्रेस आधीच माहीत असल्याने एआरपी दिसणारच नाही. मग एका टर्मिनलवर पकड सुरू करा आणि दुसऱ्यावरून दूरच्या ॲड्रेसला एकदा पिंग करा. eth0 च्या जागी तुमच्या इंटरफेसचे नाव घाला.

```
sudo ip neigh flush dev eth0
sudo tcpdump -t -n -e -i eth0 'arp or icmp'
```

पडद्यावर साधारण अशा ओळी येतात:

```
52:54:00:aa:00:01 > ff:ff:ff:ff:ff:ff, ethertype ARP (0x0806), length 42: Request who-has 192.168.1.1 tell 192.168.1.20, length 28
52:54:00:aa:00:01 > 52:54:00:bb:00:01, ethertype IPv4 (0x0800), length 98: 192.168.1.20 > 198.51.100.7: ICMP echo request, id 7, seq 1, length 64
```

पहिल्या ओळीत एआरपी थेट इथरनेट फ्रेममध्ये बसला आहे. 14 बाइट इथरनेटचा हेडर आणि 28 बाइट एआरपी मिळून 42. मध्ये आयपी हेडर नाहीच, म्हणून राउटर एआरपीचे पॅकेट पुढच्या नेटवर्कवर पाठवत नाही. आणि विचारणा 198.51.100.7 या दूरच्या ॲड्रेससाठी नाही, 192.168.1.1 या राउटरसाठी आहे. दुसऱ्या ओळीत तोच फरक पुन्हा दिसतो: आयपीचा डेस्टिनेशन दूरचा होस्ट, पण मॅकचा डेस्टिनेशन राउटर. एकाच फ्रेमवर दोन लेयरची दोन वेगळी टोके आहेत. ही दोन ओळींची पकड वर्गात दाखवली तर टोकांबद्दलच्या पुष्कळ चुका पेपरात येण्याआधीच कमी होतात. एक सूचना मात्र द्यावी लागते: सीआरसीचे 4 बाइट या पकडीत सहसा दिसत नाहीत, कारण नेटवर्क कार्ड ते आधीच काढून घेते. नाहीतर 'इथरनेटमध्ये सीआरसी नसतो, आम्ही पाहिले' असे कोणीतरी लिहितेच.

एक उत्तर तपासून पाहू

प्रश्न सहा गुणांचा: 'ब्राउझरमध्ये वेबसाइटचे नाव टाकल्यावर ओएसआय मॉडेलच्या वेगवेगळ्या लेयरवर काय घडते ते लिहा.' विद्यार्थ्याचे उत्तर असे आहे:

'डीएनएस नेटवर्क लेयरवर नावाचा आयपी ॲड्रेस देतो. टीसीपी पॅकेटसाठी जवळचा मार्ग ठरवतो. नेटवर्क लेयर पोर्ट नंबर वापरून डेटा ब्राउझरच्या प्रोसेसला देते. डेटा लिंक लेयर सीआरसीने चूक शोधते आणि फ्रेम पुन्हा पाठवते. एआरपी नेटवर्क लेयरवर दूरच्या सर्व्हरचा मॅक ॲड्रेस शोधतो. टीएलएस प्रेझेंटेशन लेयरवर डेटा एन्क्रिप्ट करतो.'

प्रत्येक वाक्याला एक गुण धरा, अर्धा कामाचा आणि अर्धा जागेचा. पहिल्या वाक्यात काम बरोबर, जागा चूक: अर्धा गुण.

दुसरे आणि तिसरे वाक्य एकत्र वाचा. मार्ग ठरवणे टीसीपीकडे गेले आणि पोर्ट नेटवर्क लेयरकडे. दोन्ही कामे विद्यार्थ्याला माहीत आहेत, त्याने दोन लेयरची अदलाबदल केली आहे. ही एक चूक आहे, तिची शिक्षा दोनदा देऊ नये. दोन वाक्यांना मिळून एक गुण. टीसीपीला राउटिंग देऊन ट्रान्सपोर्टला पोर्टही दिले असते, तर अदलाबदल म्हणता आली नसती आणि राउटिंगचे वाक्य शून्यात गेले असते.

चौथ्या वाक्याला पूर्ण गुण, कारण प्रश्नात माध्यम दिलेले नाही. विद्यार्थी वाय-फायवर बसून ब्राउझर वापरत असेल तर त्याचे वाक्य अक्षरशः खरे आहे.

पाचव्या वाक्यात एआरपीची नेटवर्क लेयर पुष्कळ पुस्तकांप्रमाणे चालते, जागेचा अर्धा गुण द्या. पण एआरपी दूरच्या सर्व्हरचा मॅक ॲड्रेस शोधू शकत नाही. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर असेल तर तो फक्त आपल्या राउटरचा शोधतो. काम चुकले, अर्धा गुण गेला. शेऱ्यात 'दूरच्या सर्व्हरचा' या शब्दांखाली रेघ मारा, 'नेटवर्क लेयर' खाली नाही.

सहावे वाक्य प्रश्नात ओएसआय असल्यामुळे पूर्ण गुणांचे. वेबसाठी टीएलएस टीसीपीच्या वर आणि एचटीटीपीच्या खाली बसतो, आणि ओएसआयमध्ये एन्क्रिप्शनची पुस्तकी जागा प्रेझेंटेशन लेयर. प्रश्न टीसीपी/आयपी मॉडेलवर असता तर या वाक्यात जागेचा अर्धा गुण कापावा लागला असता, कारण तिथे प्रेझेंटेशन नावाची लेयरच नाही.

एकूण सहापैकी चार. हेच उत्तर मॉडेल उत्तरातल्या लेयरच्या नावांशी नुसते जुळवून तपासले, तर पहिली तीन वाक्ये शून्यात जातात, चौथे वाक्य तपासणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते आणि पाचव्याला 'एआरपी – नेटवर्क लेयर' जुळल्यामुळे पूर्ण गुण मिळतो. पुनर्तपासणीत दोन परीक्षकांच्या गुणांत तफावत आली, तर आधी चौथे आणि पाचवे वाक्य काढून पाहा. बहुतेकदा फरक तिथेच सापडतो.